वेळ चोरायची, पण लय सोडायची नाही: रुबाटो समजून घेताना

पाश्चात्त्य संगीतात ‘टेंपो रुबाटो’ म्हणजे चोरलेला वेळ. एखादा सूर त्याच्या हक्काच्या वेळेपेक्षा जास्त लांबवला, तर तो जास्तीचा वेळ पुढच्या किंवा मागच्या सुरांकडून घ्यावा लागतो, एवढाच त्या नावाचा मूळ अर्थ आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. सूर इकडेतिकडे सरकत असूनही ऐकणाऱ्याच्या बोटाचा ठेका चुकत नाही, हे कसे घडते? आणि तेच काम दुसऱ्या कुणी केले की ‘याची लय पडते’ असे आपल्याला लगेच का वाटते? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते: एक जण वेळ चोरत असताना लय कोण धरून ठेवतो आहे, हे पाहण्यात.

सुरुवात गायकांपासून झाली. पिएर फ्रान्चेस्को तोसी हा इटालियन गायक आणि गायनशिक्षक होता. त्याचा गायनावरचा ग्रंथ 1723 मध्ये बोलोन्यात प्रसिद्ध झाला. त्यात त्याने असे मांडले आहे की खालचा बेस, म्हणजे साथीचा खर्जातला आधार, एकसारख्या गतीने चालत असताना गायकाने वेळ चोरावी आणि ती कौशल्याने परतही करावी. जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये स्थिरावलेला संगीतकार गॅलियार्ड याने त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि टिपेत ही गोष्ट आणखी स्पष्ट केली: बेस आपल्या चालीने नेमका चालतो, गाणारा त्याच्या मागे रेंगाळतो किंवा पुढे धावतो, आणि मग बेसच्याच आधाराने ठरलेल्या जागी परत येतो. म्हणजे सगळ्यांनी मिळून हळू किंवा जलद होणे त्यांना अभिप्रेत नव्हते. त्यांच्या मते एकच जण सरकतो आणि दुसरा जागचा हलत नाही.

दुसऱ्याने न हलणे हेच यातले सर्वांत अवघड काम आहे. मोझार्टने ऑक्टोबर 1777 मध्ये आऊग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात याचीच नोंद केली आहे. आपण तालात पक्के राहतो याचे सगळ्यांना आश्चर्य वाटते, असे तो लिहितो; संथ चालीच्या रचनेत उजवा हात रुबाटो करत असताना डावा हात त्याची दखलही न घेता चालत राहतो, हे त्यांच्या गळी उतरत नाही, कारण त्यांचा डावा हात उजव्याच्या मागे जातो. हा दोष आजही तंतोतंत तसाच भेटतो. गायिका एका शब्दावर थांबली की पियानोवर साथ करणारा सौजन्याने थांबतो. त्याला थांबलेले पाहून ती आणखी थांबते. दोन ओळींनंतर गाणे बसलेले असते, आणि दोघांपैकी कुणालाच ते नेमके कुठे बसले हे सांगता येत नाही. साथीदाराने थांबायला नको होते, एवढेच त्याचे निदान आहे.

प्रत्यक्ष उदाहरणासाठी पोलंडचा संगीतकार शोपाँ याचा ई-फ्लॅट मेजरमधला नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाची पियानोरचना, घेऊ, ओपस 9 मधला दुसरा. तो इतका वाजतो की पियानोशी संबंध नसलेल्यांच्याही कानांवरून गेलेला असतो. त्याचे ताल-चिन्ह 12/8 आहे, म्हणजे एका मापात बारा छोट्या मात्रा, आणि त्या तीन-तीनच्या चार गटांत मोजल्या जातात. डावा हात जवळपास संपूर्ण रचनेत एकच काम करतो: प्रत्येक गटात आधी खर्जाचा एक सूर, मग वर दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले सूर. उजवा हात गातो. शोपाँने गती दिली आहे ती मिनिटाला 132 छोट्या मात्रांची. म्हणजे एक छोटी मात्रा साधारण 0.45 सेकंदाची, तीन मात्रांचा एक गट 1.36 सेकंदांचा आणि पूर्ण माप साडेपाच सेकंदांच्या किंचित आतले.

आता समजा, एका गटात उजव्या हाताला तीन सारखे सूर आहेत. कोरड्या हिशोबाने प्रत्येकी 0.45 सेकंद. वादकाने पहिल्या सुरावर रेंगाळून त्याला 0.70 सेकंद दिले आणि उरलेल्या दोन सुरांना प्रत्येकी 0.33 सेकंद दिले, तर बेरीज तीच येते: 1.36. या वेळात डाव्या हाताचे काय चालले आहे ते पाहा. त्याचा खर्ज शून्यावर, पहिली कॉर्ड 0.45 वर आणि दुसरी कॉर्ड 0.91 वर पडते. उजव्या हाताचा दुसरा सूर मात्र 0.70 वर येतो, म्हणजे दोन कॉर्डच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिसरा सूर 1.03 वर, दुसऱ्या कॉर्डच्या जरासा नंतर. पुढच्या गटाच्या पहिल्या ठोक्यावर दोन्ही हात पुन्हा एकत्र. दुसऱ्या सुरापाशी दोन हातांत पाव सेकंदाचे अंतर पडले होते. कागदावर ते मोठे वाटत नाही; कानाला ते चांगलेच कळते, आणि तरीही लय हलली असे वाटत नाही, कारण लय सांगणारा हात हललेलाच नाही. (पाव सेकंद हे इथे मुद्दाम ठळक घेतलेले माप आहे, बऱ्याच चांगल्या वादनात एवढे अंतर लागतही नाही.)

शोपाँच्या शिष्यांच्या आठवणी याच्याशी जुळतात. विल्हेल्म फॉन लेन्झने नोंदवले आहे की शोपाँ डाव्या हाताला वाद्यवृंदाचा संचालक म्हणत असे. त्याने डगमगायचे नाही, उजव्या हाताने हवे ते करावे. कारोल मिकुलीच्या सांगण्यानुसार शोपाँच्या पियानोवर मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून ताल देणारे यंत्र, कायम असे आणि साथ करणारा हात त्याने कडक तालात ठेवायला लावला होता. ज्याच्या नावाशी रुबाटो सर्वाधिक जोडला जातो त्याच्या घरात मेट्रोनोम होता, हे मला फार बोलके वाटते. ज्या कुणाला शोपाँ वाजवणे म्हणजे मनाला येईल तिथे थांबणे वाटते, त्याने निदान मिकुलीचे म्हणणे वाचलेले नसते.

याच ओपसमधल्या पहिल्या नॉक्टर्नमध्ये, बी-फ्लॅट मायनरच्या, सुरुवातीलाच डाव्या हाताच्या सहा सुरांवर उजव्या हाताला अकरा सूर वाजवायचे असतात. सहावर अकरा समान भागून बसत नाहीत. नवखे विद्यार्थी कागदावर भागाकार करून प्रत्येक सुराची जागा काढू पाहतात आणि शिक्षक त्यांना त्यापासून परावृत्त करतात, कारण ते अकरा सूर समान अंतराने पडावेत अशी अपेक्षाच नसते. ते गळ्यातून निघालेल्या हरकतीसारखे यायला हवेत: सुरुवात जराशी सावकाश, मधे प्रवाह, शेवटी उतरताना सावरणे. त्यासाठी पक्के असावे लागते ते खालचे सहा सूर. ते जितके शांतपणे चालतात तितके वरच्या अकरांना स्वातंत्र्य मिळते.

आपल्याकडच्या श्रोत्याला ही रचना अनोळखी नाही. विलंबित एकतालात तबल्याचा ठेका बारा मात्रा मोजत चालतो आणि गायक बंदिशीचे बोल घेऊन त्या मात्रांच्या आजूबाजूने फिरतो. शब्द मात्रेवर पडेलच असे नाही, तो आधी पडतो, नंतर पडतो, दोन मात्रांच्या मध्ये लोंबकळतो, आणि मुखडा मात्र समेवर येऊन पोहोचतो. तबलजीने गायकाच्या रेंगाळण्याबरोबर ठेका ओढला तर मैफलीत माना वळतील. तोसीने बेसकडून जी अपेक्षा केली ती आपण ठेक्याकडून करतो. पण दोन बाबतीत हे साम्य ताणू नये. दुगुन-तिगुन किंवा आडाची लयकारी म्हणजे रुबाटो नव्हे. तिथे मात्रेचे नेमके भाग केलेले असतात आणि त्या नेमकेपणातच मजा असते. तसेच, तबला सुरू होण्यापूर्वीचा आलाप हाही रुबाटो नव्हे. तिथे आवर्तन नाही, ठेका नाही, त्यामुळे चोरायचे कुणाकडून हा प्रश्नच उद्भवत नाही.

इथपर्यंत चित्र स्वच्छ आहे: एक स्थिर, एक चंचल. मात्र एकोणिसाव्या शतकात, आणि त्यानंतर अधिकच, रुबाटो या शब्दाखाली दुसरी एक गोष्ट येऊ लागली, आणि आज बहुतेक वादक तो शब्द वापरतात तेव्हा त्यांच्या मनात हीच असते. यात दोन्ही हात एकत्र हळू होतात आणि एकत्र जलद होतात; सबंध वाद्यवृंदही तसे करू शकतो. इथे जागचा न हलणारा कुणीच उरत नाही. मग लय टिकते कशावर?

जुने उत्तर होते परतफेडीचे: जेवढा वेळ एका मापात जास्त घेतला तेवढा पुढे कमी करून खाते जुळवायचे. पोलंडचा पियानोवादक पाडेरेव्स्की याने 1909 मध्ये या विषयावर एक निबंध लिहिला आणि त्यात या हिशोबी नीतीची थट्टा केली. आपल्या वादनात घेतलेला वेळ नेहमी परत केला जातोच असे नाही, हे त्याने मोकळेपणी मान्य केले. मला पाडेरेव्स्कीचे म्हणणे पटते, आणि ते का पटते हे आकड्यांतच दाखवता येईल.

पुन्हा तोच ई-फ्लॅट नॉक्टर्न घ्या. एका मापात चार गट, प्रत्येक 1.36 सेकंदांचा. पहिल्या वादकाने एका ओळीच्या शेवटच्या मापात हे गट अनुक्रमे 1.25, 1.30, 1.40 आणि 1.65 सेकंदांचे केले. बेरीज 5.60, म्हणजे कडक तालापेक्षा 0.15 सेकंद जास्त, आणि त्याने ते कुठेही परत केले नाही. दुसऱ्याने तेच चार गट 1.25, 1.65, 1.25 आणि 1.30 असे वाजवले. बेरीज बरोबर 5.45, एका कणाचीही उधारी नाही. तरीही लय पहिल्याची टिकते आणि दुसऱ्याची मोडते. पहिल्याच्या वादनात प्रत्येक गट आधीच्यापेक्षा थोडा लांब आहे आणि ती वाढ सतत मोठी होत जाते, त्यामुळे श्रोत्याला पुढचा ठोका उशिरा येणार याची चाहूल लागलेली असते. ओळ संपते आहे हेही तो ऐकतो आहे, आणि वाक्याच्या शेवटी आपण बोलतानाही सावकाश होतो. दुसऱ्याच्या वादनात दुसरा गट कसल्याही पूर्वसूचनेशिवाय अडखळतो, लगेच मागच्या गतीवर उडी मारतो, आणि संगीतात तिथे थांबण्यासारखे काही घडलेलेही नसते. हिशोब जुळला, पण माणूस लंगडत चालला.

म्हणजे या दुसऱ्या प्रकारात लय टिकते ती श्रोत्याच्या अपेक्षेत. ठोके समान असणे त्यासाठी गरजेचे नाही. पुढचा ठोका कुठे येईल याचा अंदाज बांधता येणे गरजेचे आहे. ब्रूनो रेप या मानसशास्त्रज्ञाने 1992 मध्ये शूमानच्या ‘ट्रॉयमेराय’ या छोट्या रचनेच्या 28 ध्वनिमुद्रणांतल्या सुरांच्या वेळा मोजल्या. वादक वेगवेगळे होते, शैली वेगळ्या होत्या, तरी ओळींच्या आणि विभागांच्या शेवटी सावकाश होण्याचा आकार बऱ्याच अंशी सामाईक निघाला. त्याच्या त्याच काळातल्या दुसऱ्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: जिथे लांबवणे अपेक्षित असते तिथे सूर लांबवला तर श्रोत्यांच्या ते कमी लक्षात येते, आणि जिथे अपेक्षित नसते तिथला तेवढाच फरक पटकन पकडला जातो. वर दिलेल्या दोन वादकांपैकी दुसरा का उघडा पडतो, याचे हेच कारण आहे.

मग ओळीच्या मध्यात कधीच थांबू नये का? तसे नाही, तिथे थांबायला दुसरे कुठले तरी कारण लागते. मोठी उडी घेऊन वर गेलेला सूर, अनपेक्षित कॉर्ड, किंवा नृत्याचा अंगभूत झोक. शेवटच्या कारणाचे चांगले उदाहरण म्हणजे शोपाँचे माझुर्का, पोलंडच्या लोकनृत्यावर बेतलेल्या रचना. मँचेस्टरचा वाद्यवृंद ज्याच्या नावाने ओळखला जातो तो चार्ल्स हॅले तरुणपणी पॅरिसमध्ये शोपाँला ऐकत असे. तीन मात्रांचे माझुर्का तो चार मात्रांत वाजवतो असे हॅलेला वाटले, कारण पहिल्या मात्रेवर तो फार रेंगाळत असे. शोपाँने ते जोरात नाकारले. शेवटी हॅलेने त्याला वाजवायला लावून मोठ्याने चार मोजले आणि ते जुळले. त्यावर शोपाँ हसला आणि हा आमच्या नृत्याचा राष्ट्रीय स्वभाव आहे, असे त्याने सांगितले. इथे परतफेड अजिबात नाही, प्रत्येक मापात तीच उधारी आहे, तरीही लय पक्की. कारण तो झोक प्रत्येक मापात त्याच जागी येतो आणि नाचणाऱ्याचे पाय त्याची वाट पाहत असतात.

सरावात याची घडण कशी करायची ते त्याच ई-फ्लॅट नॉक्टर्नवर सांगता येते. आधी डावा हात एकटा वाजवावा, आणि तो ऐकावासा वाटेल इतका चांगला वाजवावा. मग डावा हात वाजवत उजव्या हाताची धून गळ्याने गावी. गळा श्वास घेतो, मोठ्या उडीला वेळ घेतो, त्यामुळे रुबाटो कुठे हवा आहे हे बहुधा त्यातूनच कळते. जिथे गाताना थांबावेसे वाटत नाही तिथे बोटांनी थांबण्यात अर्थ नसतो. त्यानंतर मेट्रोनोम 44 वर लावावा. आता प्रत्येक टिकटिक एका पूर्ण गटाची आहे, आतल्या तीन मात्रांची नाही, म्हणून दोन टिकटिकींच्या मध्ये उजव्या हाताला मोकळीक आहे, पण टिकटिकीवर पोहोचणे बंधनकारक आहे. ते जमले की फोनवरचा मेट्रोनोम 22 वर आणावा, म्हणजे टिकटिक अर्ध्या मापाला एकदाच पडेल आणि मोकळीक दुप्पट होईल. अर्ध्या मापाची टिकटिक सापडू लागली की यंत्र बंद करून दुसऱ्या प्रकारच्या रुबाटोला, म्हणजे ओळीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून सावकाश होण्याला हात घालावा. हा क्रम उलटा केला तर बहुतेकांचे वादन सैल होते, आणि सैल झालेले वादन नंतर घट्ट करणे कंटाळवाणे काम असते.

बिघाड ओळखण्यासाठी स्वतःचे ध्वनिमुद्रण एक-दोन दिवसांनी ऐकावे आणि अर्ध्या मापाला एक याप्रमाणे टेबलावर बोट आपटावे. बोट आपोआप वादनाबरोबर सावकाश झाले आणि आपोआप परत आले तर काम ठीक आहे. जिथे बोट आधी पडते आणि सूर नंतर येतो तिथली खूण करावी. त्या खुणा अवघड जागांवर, म्हणजे बोटे अडतात तिथे, पडल्या असतील तर तो रुबाटो नसून कच्चा सराव आहे. हे सोंग सर्वांत जास्त चालते आणि सर्वांत लवकर ओळखूही येते. त्या खुणा प्रत्येक मापाच्या पहिल्या सुरावर पडल्या असतील तर रुबाटोची सवय जडली आहे, आणि माझुर्काचा झोक नॉक्टर्नला लागला आहे. आणि कुठेच खूण नाही, पण शेवटची ओळ पहिल्या ओळीपेक्षा बरीच संथ निघाली असेल, तर वेळ फक्त घेतला गेला आहे; पुढे जाण्याची, थोडे धावण्याची बाजू राहून गेली आहे. तोसी-गॅलियार्डच्या व्याख्येत पुढे धावणेही होते, हे वादक हमखास विसरतात.

या नॉक्टर्नमध्ये शोपाँने सव्विसाव्या मापात ‘पोको रुबाटो’, म्हणजे थोडासा रुबाटो, असे स्वतः लिहिले आहे. त्याचा अर्थ आधीची पंचवीस मापे कोरडी वाजवायची असा कुणी घेत नाही. पण इथे तो मुद्दाम मागितला आहे आणि तोही थोडाच, हे लक्षात ठेवावे. अगदी शेवटाकडे मात्र चार छोट्या सुरांची एक आकृती पुन्हा पुन्हा येते आणि तिथे त्याने ‘सेन्झा टेंपो’, म्हणजे तालाशिवाय, असे लिहिले आहे. डावा हात थांबलेला असतो. इथे वेळ चोरली जात नाही, कारण चोरायला लय शिल्लक नाही. हा आपल्या आलापाच्या जवळचा प्रदेश आहे, आणि वादक तिथे किती थांबतो हे त्याच्यावर सोडलेले आहे. जोखीम त्यानंतरच्या दोन मापांत असते. डावा हात खर्ज आणि दोन कॉर्ड हा आपला जुना क्रम पुन्हा सुरू करतो, आणि लय परत उभी करण्यासाठी त्याच्याकडे एवढीच दोन मापे उरलेली असतात. म्हणून त्यातला निदान पहिला गट तरी अगदी साधा, न ओढता वाजवावा. रचना संपते आहे या भावनेने तोही लांबवला, तर शेवटच्या कॉर्ड कधी येणार याचा श्रोत्याला अंदाज लागत नाही, आणि त्या नेमक्या जागी पडल्या तरी अंदाजे टाकल्यासारख्या ऐकू येतात.